उजनी शून्य टक्के झाली, मग धरणात पाणी आहे का?

*बाई, नमस्कार. मी सोलापुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेत सहावीला शेकडेवारी शिकवायची आहे. अभ्यासक्रम आखण्यासाठीचे टायलरचे चार प्रश्न मला पाठ आहेत: हेतू कोणते, त्यासाठी अनुभव कोणते, ते संघटित कसे करायचे आणि हेतू साध्य झाले हे कसं ठरवायचं. परीक्षेत लिहिते, मार्कही मिळतात. पण टाचण काढायला बसले की त्यांचा काही उपयोग होत नाही. माझं टाचण सरांनी परत दिलं. शेरा होता, ‘उद्दिष्ट आणि मूल्यमापन जुळत नाही’. उद्दिष्ट लिहिलं होतं ‘विद्यार्थ्यांना शेकडेवारीची संकल्पना समजावून सांगणे’ आणि मूल्यमापनात ‘60 चे 25 टक्के किती?’ अशी पाच उदाहरणं होती. यात जुळत नाही ते काय? आणि पुस्तक तर वरूनच ठरून येतं, मग हेतू ठरवणारी मी कोण?*
*– एक छात्राध्यापिका, सोलापूर*

सरांचा शेरा बरोबर आहे, फक्त त्यांनी तो अर्धाच लिहिला. तुझ्या उद्दिष्टाच्या वाक्यात कर्ता कोण आहे बघ. समजावून सांगणार कोण? तू. मग ते साध्य झालं की नाही हे तपासायला मुलांना प्रश्न विचारायची गरजच काय? तू तास घेतलास, सांगितलंस, झालं साध्य. राल्फ टायलरने 1949 साली शिकागो विद्यापीठातल्या आपल्या अभ्यासक्रमाच्या टिपणांचं छोटं पुस्तक केलं. उद्दिष्टं लिहिताना होणाऱ्या ज्या चुका त्यात दाखवल्या आहेत, त्यातली पहिली हीच आहे: शिक्षक काय करणार ते लिहायचं. दुसरी चूक म्हणजे नुसती घटकांची यादी द्यायची, ‘शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज’. आणि तिसरी, आशयच न सांगता ‘तर्कशक्तीचा विकास’ असलं काहीतरी भारदस्त लिहायचं. आपल्याकडच्या टाचणवह्यांत या तिन्ही चुका सुखाने नांदतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस.

टायलरचं म्हणणं असं की उद्दिष्टाच्या वाक्यात दोन गोष्टी हव्यात: मूल काय करू लागेल ते वर्तन, आणि ते कोणत्या आशयावर करेल तो आशय. कागदावर एक तक्ता आखायचा, आडव्या ओळींत आशय, उभ्या रकान्यांत वर्तन. शेकडेवारीचा तक्ता काढलास तर ओळी होतील ‘टक्क्याचा अर्थ’, ‘अपूर्णांकाचे टक्के आणि टक्क्यांचा अपूर्णांक’, ‘टक्के ज्या एकूणाचे काढले तो एकूण’. रकाने होतील ‘आकडेमोड करतो’, ‘तुलना करतो’, ‘बातमीतला किंवा पाटीवरचा आकडा वाचून अर्थ सांगतो’. आता जिथे खरोखर शिकवायचं आहे त्याच चौकटींत फुली मार. तुझी पाचही उदाहरणं एकाच चौकटीत पडतात, आकडेमोडीच्या. ‘संकल्पना’ हा शब्द तू लिहिलास, पण तिची चौकट रिकामीच राहिली.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण तो खरा आहे. पुस्तक ठरलेलं आहे, अध्ययन निष्पत्तीही ठरलेल्या आहेत, मग तुझ्या हातात उरतं काय? तक्त्यातल्या कोणत्या चौकटीला वेळ द्यायचा हे उरतं, आणि ते थोडकं नाही. हेतू शोधायला टायलरने तीन जागा सांगितल्या: मूल स्वतः, त्याच्याभोवतीचं आजचं जीवन आणि विषयाचे जाणकार. तिसरी जागा पुस्तक मंडळाने सांभाळली आहे. पहिल्या दोन मात्र पुण्यात बसून कुणी भरू शकत नाही. तुझ्या वर्गातली मुलं सोलापूरची आहेत. त्यांच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही आणि उजनीचे टक्के वर्तमानपत्रात छापून येतात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. 2024 च्या उन्हाळ्यात तर उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. सहावीतल्या मुलाला विचार, उणे पन्नास टक्के पाणी म्हणजे काय? बहुतेक जण हसतील. काही म्हणतील, धरण कोरडं पडलं. शेकडेवारी शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

उत्तर मोठ्यांनाही नेमकं माहीत नसतं म्हणून लिहिते. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी धरतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. त्यातला साधारण 63.66 टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, आणि त्यावरचा 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. बातमीतले टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. म्हणून ‘0 टक्के’ झालं तरी धरणात निम्म्याहून अधिक पाणी असतं. मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की आकडा उणे होतो. वर्गासाठी आकडे सोपे करून घे: उपयुक्त 54, मृत 63, एकूण 117. उणे 50 टक्के म्हणजे 54 चा अर्धा, 27 टीएमसी मृतसाठ्यातून गेला आणि 36 उरला. तेच 36 टीएमसी एकूण 117 चे काढले तर सुमारे 31 टक्के भरतात. पाणी तेवढंच, आकडे मात्र दोन. इथे मुलाला कळायला हवं की टक्के ऐकले की आधी विचारायचं, कशाचे?

एवढं हाती आल्यावर उत्साहाच्या भरात सगळंच उद्दिष्टांत घालू नकोस. सापडलेले हेतू दोन चाळण्यांतून गाळून घ्यायला टायलर सांगतो. एक चाळणी शाळेच्या मूल्यांची, दुसरी शिकण्याच्या मानसशास्त्राची. पहिली इथे फार अडवत नाही. एका बाबतीत मात्र अडवते: ‘पाण्याचं राजकारण कळणे’ हा चांगला हेतू असेल, पण चार तासिकांच्या गणिताच्या घटकात तो घुसवायचा नाही. दुसरी चाळणी जास्त कामाची आहे. ऋण टक्क्यांवर आकडेमोड करणं सहावीला झेपेल का? माझ्या मते सरसकट नाही. ऋण संख्या पूर्णांकांच्या घटकात त्यांना भेटलेल्या असतात, म्हणून उणे टक्क्याचा अर्थ चित्रावरून वाचता येणं ठेव आणि आकडेमोड सोडून दे. मग उद्दिष्ट असं लिहिता येईल: ‘टक्क्यांत दिलेली माहिती वाचून विद्यार्थी तो टक्का कोणत्या एकूणाचा आहे हे सांगतो, आणि वेगवेगळ्या एकूणांची तुलना करताना दोन्ही शंभरावर आणतो.’ बस्स. आकडेमोड त्याच्या पोटात येतेच.

आता एक उलटी गोष्ट करायला सांगते. उद्दिष्ट लिहून झालं की लगेच चौथ्या प्रश्नावर जा आणि मूल्यमापनाचा प्रश्न लिही, अनुभवांच्या आधी. हे टायलरच्या विरोधात वाटेल, पण नाही. त्याने त्याच पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे की शाळेने काम हाती घेताना आपण मांडलेल्याच क्रमाने जायला हवं असं नाही. परीक्षेसाठी आपण क्रम पाठ करतो म्हणून तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा वाटायला लागतो.

तर मूल्यमापनाचा प्रश्न: ‘वर्तमानपत्रात आलं की उजनी 0 टक्के झाली. धरणात पाणी आहे का? असेल तर साधारण किती? कसं ठरवलंस?’ याच्या शेजारी तुझा ‘60 चे 25 टक्के’ ठेवून बघ. दुसऱ्याचं उत्तर 15 असं बरोबर देणारं मूल पहिल्याला ‘नाही, शून्य म्हणजे संपलं’ असं म्हणू शकतं. असं मूल सापडलं की सरांचा शेरा तुला त्याच्या वहीत दिसेल. मूल्यमापनाचं साधन उद्दिष्टातलं वर्तन घडायला संधी देतं का, हीच टायलरची पहिली कसोटी. तुझी पाच उदाहरणं ती संधीच देत नाहीत.

अनुभव ठरवताना टायलरचं एक म्हणणं टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: मूल जे स्वतः करतं त्यातून शिकतं, शिक्षक काय करतो त्यातून नाही. उद्दिष्टात ‘तुलना करतो’ असेल तर मुलांच्या हाताने तुलना व्हायला हवी. तू फळ्यावर करून दाखवलेली तुलना हा तुझा अनुभव झाला. पहिल्या तासिकेला दोन टाक्या दे. एक हजार लिटरची, तिच्यात 250 लिटर उरलंय. दुसरी पाचशे लिटरची, तिच्यात 200 लिटर उरलंय. जास्त भरलेली कोणती? वर्गाचे दोन तट पडतील. 250 मोठा म्हणून पहिली म्हणणारे असतील, आणि कुणीतरी पाचशेच्या टाकीचं चित्र काढून ‘ही अर्ध्याच्या जवळ आहे’ म्हणेल. त्यांना भांडू दे. मग शंभर चौकटींचा कागद वाटून दोन्ही टाक्या त्यावर रंगवायला लाव: एकीच्या 25 चौकटी भरतील, दुसरीच्या 40. शंभरावर आणायची गरज का पडली हे मुलांना या रंगवण्यात कळतं. व्याख्या त्यानंतर सांग.

एकाच अनुभवातून एकाहून अधिक गोष्टी घडतात, हेही टायलर बजावतो, आणि त्या सगळ्या चांगल्याच असतात असं नाही. टाक्यांच्या तासात एखादं मूल ‘आमच्याकडे टाकीच नाही, घागरी भरून ठेवतो’ असं म्हणून गप्प बसेल. कुणाच्या घरी किती पाणी हे विचारू नकोस, आकडे तूच दे. गणित शिकता शिकता घरची अडचण चारचौघांत उघडी पडली, तर त्या मुलाला गणिताच्या तासाची धास्ती बसेल, आणि तेही शिकणंच आहे.

संघटन म्हणजे तासिकांची वाटणी नव्हे. टायलर तीन कसोट्या सांगतो: सातत्य, क्रमबद्धता आणि एकात्मता. सातत्य म्हणजे तीच महत्त्वाची गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येणं. क्रमबद्धता म्हणजे दर वेळी ती जरा खोलात जाणं. यासाठी घटकात एक धागा निवडावा लागतो, आणि आपला धागा आधीच ठरला आहे: ‘टक्के कशाचे?’ पहिल्या दिवशी टाक्या, कारण तिथे एकूण डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या दिवशी उजनीचा उपयुक्त साठा 54 धरून 25 टक्के म्हणजे साडेतेरा टीएमसी, 50 म्हणजे 27, ही आकडेमोड. अजून मृतसाठ्याचं नाव काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी फळ्यावर उभी पट्टी काढ, तळाशी 63 चा भाग आखून त्याच्या वरच्या रेघेवर ‘0 टक्के’ लिही, आणि काही न बोलता थांब. वर्गातून ‘बाई, खाली पण पाणी आहे की!’ असं आलं की तास तुझ्या हाती आला. उणे 50 ही खूण त्या पट्टीवर कुठे येईल हे मुलंच दाखवतील. चौथ्या दिवशी पाणी सोडून दे. ‘चादरींवर 20 टक्के सूट’ ही पाटी घे आणि विचार, वीस टक्के कशाचे? धागा नव्या ठिकाणी टिकला तरच तो मुलांचा झाला.

तिसरा दिवस पहिल्या दिवशी घेतलास तर? मला वाटतं नेमकं हेच होण्याचा धोका तुला आहे, कारण उजनीची पट्टी आकर्षक आहे आणि निरीक्षण तासाला ती छान दिसेल. पण ज्याला 54 चे 25 टक्के अजून जमत नाहीत, त्याला पट्टीवर दोन एकूण एकदम दिसले की तो दोन्ही सोडून फळ्यावरचं उत्तर उतरवून घेतो. वर्ग शांत, वह्या भरलेल्या, आणि चौथ्या दिवशी पाटीपुढे सगळे गप्प. असं झालं तर दोष मुलांच्या डोक्यात शोधू नकोस, क्रमात शोध.

एकात्मता म्हणजे हाच धागा इतर विषयांत दिसणं. भूगोलाच्या शिक्षिकेशी बोलून धरणं आणि पाणीसाठा त्याच आठवड्यात घेता येतो का बघ. नाही जमलं तर सोड, छात्राध्यापिकेचं वेळापत्रकावर फारसं चालत नाही. त्याच विषयात पुढे मात्र आपोआप संधी येते. नफा-तोट्यात शेकडा नफा खरेदीच्या किमतीवर काढायचा, विक्रीच्या नाही. तिथे मुलं हमखास चुकतात, आणि ती चूक ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न न विचारल्याचीच असते.

यावरून मूल्यमापनाचं दुसरं अंग येतं. टायलर म्हणतो, किमान दोनदा मोजा, आधी आणि नंतर. नाहीतर जे मुलांना आधीच येत होतं त्याचं श्रेय तू घेशील. सोलापुरात हे फार खरं आहे. ‘धरणात मृतसाठा असतो’ हे काही मुलांनी घरी ऐकलेलं असेल. म्हणून घटक सुरू करण्याआधी टाक्यांचा प्रश्न आणि 0 टक्क्यांचा प्रश्न पाच मिनिटांत कागदावर घे, गुण न देता. शेवटी तोच प्रकार वेगळ्या आकड्यांनी घे. शिवाय काही काळाने पुन्हा बघ, म्हणजे शिकलेलं टिकलं का ते कळेल. नफा-तोट्याचा तास त्यासाठी आयता आहे.

उत्तरं वाचताना बरोबर-चूक एवढंच बघू नकोस. ‘नाही, पाणी संपलं’ म्हणणाऱ्याला एकूण कोणता हेच सापडलेलं नाही. त्याला तिसऱ्या दिवसाची पट्टी पुन्हा, पण या वेळी त्याच्याच हाताने काढायला लाव. ‘आहे’ एवढंच लिहून थांबलेल्याचा भरवसा नाही. म्हणून तर ‘किती’ आणि ‘कसं ठरवलंस’ विचारायचं. ‘63’ लिहून पट्टी काढणाऱ्याचं झालं. ‘63 टक्के’ लिहिणारं मूल सर्वांत मोलाचं. त्याला चित्र कळलंय, पण टीएमसी आणि टक्का यांत गोंधळ आहे, आणि तो तुझ्या दुसऱ्या तासिकेत राहून गेला.

एक अडचण इथलीच म्हणून सांगते. तुझ्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असतील. शाब्दिक उदाहरण पाच ओळींचं लिहिलंस तर तू मराठी वाचन तपासशील आणि गुण शेकडेवारीच्या रकान्यात भरशील. मोजायचं एक आणि मोजलं जातं दुसरं, याला सप्रमाणतेचा दोष म्हणतात. प्रश्न वाचून दाखव, पट्टीचं चित्र दे, आणि चार-पाच मुलांना तोंडी विचार. मूल्यमापन म्हणजे लेखी चाचणीच असं टायलरने कुठेही म्हटलेलं नाही. निरीक्षण, मुलाखत, मुलांनी केलेल्या वस्तू, सगळं त्याला पुरावा म्हणून चालतं.

हे चार प्रश्न सगळीकडे असेच चालतील असं मात्र समजू नकोस. मराठीच्या तासाला कवितेचं टाचण काढताना ‘विद्यार्थी अमुक करतो’ असं आधीच नक्की केलंस, तर एखाद्या मुलाला कवितेत जे अनपेक्षित सापडतं त्याला जागा उरत नाही. लॉरेन्स स्टेनहाउस, एलियट आयझनर या अभ्यासक्रमाच्या अभ्यासकांनी या मांडणीवर नेमका हाच आक्षेप घेतला, आणि तो मला पटतो. शेकडेवारीत मात्र तो फारसा लागू पडत नाही. ‘टक्के कशाचे?’ याची बरी-वाईट उत्तरं असतात.

टाचण परत देताना सरांसाठी एक ओळ वाढव: उद्दिष्टाच्या शेजारीच मूल्यमापनाचा प्रश्न लिही, दोन्हींतलं क्रियापद अधोरेखित कर. ‘सांगतो’ आणि ‘सांग’, ‘तुलना करतो’ आणि ‘तुलना कर’. त्याखाली अनुभवाच्या रकान्यातही तेच क्रियापद मुलांच्या नावावर आलं आहे का बघ. तुझ्या आताच्या टाचणात अनुभवाच्या रकान्यात ‘शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवतील’ असं असणार, पैजेवर सांगते. ते खोड आणि दोन टाक्या लिही. आणि तिसऱ्या तासिकेसाठी त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रातलं उजनीचं कात्रण काढून ठेव. पावसाळा असेल तर आकडा शंभराच्याही वर गेलेला असू शकतो. तसं झालं तर वर्गातून पहिलाच प्रश्न येईल, ‘बाई, शंभराच्या वर टक्के कसे?’ त्याचं उत्तरही पट्टीवरच आहे: रेघ वर वाढव, आणि कशाचे टक्के ते मुलांनाच सांगू दे.